आकृती अचूक असताना समर्थनाचा गुण का कापावा?

निशिगंधा
मुलीच्या दहावीच्या सराव परीक्षेत प्रश्न होता: ३ सेमी त्रिज्येचं वर्तुळ, केंद्र O पासून ५ सेमीवर बिंदू P, तिथून स्पर्शिका काढा आणि रचनेचं समर्थन लिहा. तिने OP चा लंबदुभाजक काढून M मिळवला, M केंद्र आणि MO त्रिज्या घेऊन दुसरं वर्तुळ काढलं, छेदनबिंदू A आणि B, मग PA आणि PB. दोन्ही स्पर्शिकाखंड बरोबर ४ सेमी भरले. समर्थनात लिहिलं, ‘स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून PA आणि PB स्पर्शिका आहेत.’ एक गुण कापला. माझ्या मते हा अन्याय आहे. रचनेच्या प्रश्नात रचना तपासावी. तुम्हाला काय वाटतं?

गुण्या
पूर्ण सहमत. माझी उमेद ड्रॉइंग ऑफिसात गेली. आम्ही गुण्याची कड वर्तुळाला आणि बिंदूला टेकवायचो आणि रेघ ओढायचो, लंबदुभाजक कोणी काढत बसत नसे. त्या ड्रॉइंगवरून पट्ट्याच्या पुल्या बनल्या आणि चालल्या. मुलीने तर पूर्ण रचना केली आहे, वर वाक्यही लिहिलंय. अजून काय हवं?

माळरान
निशिगंधाताई, शाळेतून निवृत्त होईपर्यंत मी हेच पेपर तपासत होतो, आणि हा गुण मीही कापला असता. कारण सांगतो.

मुलीने लिहिलेलं प्रमेय खरं आहे, पण ते लावायला स्पर्शिका आधी हातात असावी लागते. इथे PA ही स्पर्शिका आहे हेच तर दाखवायचं आहे. तिचं वाक्य नीट वाचलं तर त्यात ‘PA स्पर्शिका आहे, म्हणून ती लंब आहे, म्हणून ती स्पर्शिका आहे’ असा फेरा होतो. शिवाय M चं आणि दुसऱ्या वर्तुळाचं त्यात नावही नाही. A बिंदू वर्तुळावर कुठेही डोळ्यांनी घेतला असता तरी हेच वाक्य लिहिता आलं असतं. जे समर्थन चुकीच्या आकृतीखालीही जसंच्या तसं लिहिता येतं, ते या रचनेचं समर्थन कसं?

खरी साखळी अशी जाते. M हा OP चा मध्यबिंदू, म्हणून M केंद्र असलेल्या वर्तुळाचा OP हा व्यास. A त्या वर्तुळावर आहे, म्हणून ∠OAP हा अर्धवर्तुळातला कोन, म्हणजे काटकोन. आता A हा मूळ वर्तुळावरही आहे, म्हणजे OA ही त्रिज्या, आणि रेषा PA तिच्या बाहेरच्या टोकाशी तिला लंब आहे. अशी रेषा स्पर्शिका असते, आणि हा मुलीने लिहिलेल्या प्रमेयाचा व्यत्यास आहे. तो का खरा, तेही एका ओळीत होतं: त्या रेषेवर A सोडून कुठलाही बिंदू Q घ्या, काटकोन त्रिकोण OAQ मध्ये OQ हा कर्ण, तो OA पेक्षा मोठा, म्हणून Q वर्तुळाच्या बाहेर. रेषेचा एकच बिंदू वर्तुळावर राहिला.

सोहम
सर, प्रमेय आणि व्यत्यास दोन्ही खरे असतील तर मुलाने कुठलंही लिहिलं तरी अर्थ एकच ना? आणि इथे तर ४ सेमी मोजून आलंय. ३² + ४² = ५², म्हणजे A पाशी काटकोन आहे हे पायथागोरसनेच सिद्ध झालं. अर्धवर्तुळाची गरजच नाही.

माळरान
सोहम, बाजू ३, ४, ५ असतील तर ५ च्या समोरचा कोन काटकोन, हे बरोबर. पण तोही पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे हे लक्षात घे. आणि ४ सेमी हे पट्टीवर वाचलेलं माप आहे. ३.९८ असतं तरी तू ४ च वाचलं असतंस. मोजणी ही आकृतीची तपासणी झाली. रचना कुठल्याही त्रिज्येला आणि कुठल्याही अंतराला चालते, हे एका मापातून येत नाही. शिवाय काटकोन मिळाल्यावर ‘म्हणून स्पर्शिका’ म्हणायला व्यत्यास लागतोच, त्यातून तुझी सुटका नाही.

कल्पवृक्ष
एवढं कशाला ताणताय? त्रिज्या काढायची, तिच्या टोकाला लंब काढायचा, झाली स्पर्शिका. माझ्या मुलाला मी असंच शिकवलंय, त्याला दोनपैकी दोन गुण मिळाले. M वगैरे उगाच वाढवलेलं काम आहे.

उत्तरा
कल्पवृक्ष, तुमच्या मुलाच्या प्रश्नात बिंदू वर्तुळावर दिलेला असणार. तिथे त्रिज्या कुठली ते आधीच ठरलेलं असतं. इथे P बाहेर आहे, आणि कुठल्या त्रिज्येच्या टोकाला लंब काढला तर तो P मधून जाईल हे माहीत नाही. रचनेतला सगळा शोध त्या A बिंदूचा आहे.

पण तुमच्या सूचनेतूनच एक सुंदर वाट निघते. युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातल्या १७व्या विधानात तीच धरली आहे. O केंद्र आणि OP त्रिज्या घेऊन मोठं वर्तुळ काढायचं. OP मूळ वर्तुळाला जिथे छेदते तो बिंदू D. D पाशी OP ला लंब काढायचा, तो मोठ्या वर्तुळाला F मध्ये मिळतो. OF जोडली की ती मूळ वर्तुळाला जिथे छेदते तोच आपला A. आता त्रिकोण OAP आणि ODF पाहा: OA = OD, OP = OF, आणि O पाशीचा कोन दोघांनाही सामाईक. बा-को-बा ने एकरूप. D पाशी काटकोन आपणच काढला होता, म्हणून A पाशीही काटकोन. वर्तुळावरच्या बिंदूतली सोपी स्पर्शिका D पाशी काढली आणि ती O भोवती फिरवून P पर्यंत आणली, एवढंच हे काम आहे.

अर्धवर्तुळातला कोन काटकोन हे विधान त्याच खंडात ३१व्या क्रमांकावर येतं, म्हणजे १७व्यापर्यंत ते सिद्ध झालेलंच नव्हतं. पण लंब असेल तर स्पर्शिका, हे १६व्यात आहे, आणि स्पर्शिका असेल तर लंब, हे १८व्यात. रचनेआधी त्याला १६वं लागलं, १८वं लागलं नाही. माळरान सर जो फरक सांगताहेत तो त्या क्रमातच दिसतो.

गुण्या
वाचायला छान आहे, पण माझा प्रश्न तसाच आहे. टेकवून काढलेली रेषा आणि तुमची रेषा एकमेकींवर ठेवल्या तर कोणाला फरक दिसणार?

उत्तरा
काका, रेषेत फारसा दिसणार नाही. स्पर्शबिंदूत दिसेल. ३ सेमी त्रिज्येच्या वर्तुळावर स्पर्शबिंदूपासून ५ मिमी सरकलं तरी रेषा आणि वर्तुळ यांच्यात जेमतेम ०.४ मिमी अंतर पडतं. पेन्सिलची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड धरली तर दोन्ही बाजूंना ५-५ मिमी, म्हणजे एकूण एक सेंटिमीटरभर दोघी चिकटलेल्याच दिसतात. त्यात A नेमका कुठे? टेकवणाऱ्याला तो अंदाजानेच धरावा लागतो. रचनेत आधी A मिळतो आणि मग रेषा. ३ आणि ५ या मापांना दोन वर्तुळं एकमेकांना सुमारे ५३ अंशांत छेदतात, त्यामुळे बिंदू स्वच्छ पडतो.

गुण्या
हे मान्य. कंस आणि रेष जोडताना जोड कुठे आहे हे कळावं म्हणून आम्हीही मग केंद्रातून रेषेवर लंब टाकून स्पर्शबिंदू पक्का करायचो. पण मग बिंदू वर्तुळाच्या अगदी जवळ असेल तेव्हा तुमची रचना काय करते? ३ सेमी त्रिज्या आणि बिंदू ३.२ वर. मी काढून पाहिलं, दोन्ही वर्तुळं एकमेकांना घासत जातात, छेद कुठे म्हणायचा तेच कळत नाही.

उत्तरा
तिथे छेदाचा कोन २० अंशांच्या आसपास येतो, त्यामुळे बिंदू लांबट होतो. युक्लिडच्या रचनेतही F पाशी लंब आणि मोठं वर्तुळ तेवढ्याच कोनात छेदतात, तेव्हा ती घेऊन सुटका नाही. स्पर्शिकाखंडाची लांबी आधी गणिताने काढली, इथे ती सुमारे १.११ सेमी आहे, आणि P वर कंपास ठेवून तेवढा कंस मारला, तर तो वर्तुळाला काटकोनात छेदतो. पण ही कंपास-पट्टीची रचना राहिली नाही. आणि OP मोजताना ०.२ मिमी चुकलं तर ती लांबी ०.६ मिमीच्या आसपास चुकते, त्याला इलाज नाही.

गुण्या
मी तरी तिथे गणित करून कंसच मारेन.

सोहम
एक विचारू? A आणि B मिळतातच हे कशावरून? समजा दुसरं वर्तुळ पहिल्याला छेदलंच नाही तर?

माळरान
हा प्रश्न वर्गात क्वचितच कोणी विचारतं, म्हणून आनंद झाला. दुसरं वर्तुळ O मधून जातं आणि P मधूनही. O मूळ वर्तुळाच्या आत आहे, P बाहेर. त्या वर्तुळावरून O पासून P कडे वरच्या बाजूने चालत गेलास तर आतून बाहेर पडताना मूळ वर्तुळ ओलांडावंच लागेल, तिथे A. खालच्या बाजूने B. ‘P बाहेर आहे’ ही अट इथे वापरली जाते. P वर्तुळावर असेल तर दोन्ही वर्तुळं P पाशी आतून स्पर्श करतात आणि एकच बिंदू मिळतो. P आत असेल तर दुसरं वर्तुळ पूर्ण पोटात राहतं आणि काहीच मिळत नाही.

आणि आता मुलीच्या वाक्याची खरी जागा. P मधून तिसरी स्पर्शिका का नाही? समजा एखादी स्पर्शिका वर्तुळाला T पाशी स्पर्श करते. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून ∠OTP काटकोन, म्हणून T हा OP व्यास असलेल्या वर्तुळावर. दोन वर्तुळं दोनपेक्षा जास्त बिंदूंत छेदत नाहीत, म्हणून T म्हणजे A किंवा B. कच्ची आकृती काढून आपण विश्लेषण करतो तेही हेच: स्पर्शिका काढून झाल्या असं धरायचं आणि मागे यायचं. M काढायचं सुचतं ते या वाक्यामुळे. ताई, तुमच्या मुलीने विश्लेषणातलं वाक्य समर्थनात लिहिलं.

निशिगंधा
सर, Q चा मुद्दा मी तिला वाचून दाखवला. तिने लगेच विचारलं, मग अर्धवर्तुळ न लिहिता नुसता व्यत्यास लिहिला असता तर? मला उत्तर देता आलं नाही. पण माझं मत पूर्ण बदललेलं नाही. रचना सुचण्याचं कारण तिला माहीत होतं, ते तिने लिहिलं. अर्धा गुण तरी मिळायला हवा होता. वर्गात ‘विश्लेषण’ आणि ‘समर्थन’ वेगळे आहेत असं कोणी सांगितलंच नाही तर मुलांनी कुठून शिकायचं?

माळरान
नुसता व्यत्यास अपुरा, कारण काटकोन कुठून आला ते राहून जातं. दोन्ही पायऱ्या हव्यात. अर्ध्या गुणाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, पण मी तो अर्धवर्तुळाचा उल्लेख असता तर दिला असता.

उत्तरा
मी उल्लेख नसतानाही दिला असता, सर. तिने रचनेतच M घेतला आहे, आणि तो का घेतला याचं कारण ती सांगते आहे. फक्त तिची साखळी उलट्या दिशेने जाते.

माळरान
दिशा हाच तर प्रश्न होता, उत्तरा.