जुने पेपर पाहून काय सोडलं, कुठं फसले? अनुभव सांगा

बर्डीवाला
लहान भावाची मेकॅनिकलची उन्हाळी परीक्षा तोंडावर आली, न् काल तो बर्डीवरून दहा पेपरचा झेरॉक्स गठ्ठा घेऊन आला. आता हायलायटर घेऊन बसलाय, हे येणारच, हे यावेळी येत नाही. मी बी असाच बसलो होतो न् हीट ट्रान्सफरमध्ये आपटलो होतो, म्हणून विचारून राहिलो, ज्यांनी जुने पेपर वापरले त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा.

माझं ऐका. क्रिटिकल रेडियस दहापैकी सहा पेपरात होता, मी त्याचं डेरिव्हेशन घोटलं न् रेडिएशनचं युनिट पूर्ण सोडलं. पेपरात क्रिटिकल रेडियस आला ना भाऊ, पण गणित म्हणून! तांब्याच्या तारेवर रबराचं आवरण, h 10, रबराचा k 0.15. सूत्र पाठ होतं, r = k/h, पण k कोणाचा? मी तांब्याचा 385 टाकला, त्रिज्या साडेअडतीस मीटर आली. तारेची! तरी तशीच लिहून आलो. रबराचा टाकला असता तर 15 मिलिमीटर. म्हणजे अंदाज बरोबर निघाला न् मार्क गेले.

गोकुळपेठ_कट्टा
एवढं टेन्शन काहून घेता बे, सोप्पं आहे. उन्हाळीत आलेला प्रश्न हिवाळीत येत नाही. मी या नियमावर तीन पेपर काढले.

खामल्याच्या मॅडम
मी पंधरा वर्षं हा विषय शिकवते. कट्टा, तुमचं अर्धं खरं आहे, तेच गणित त्याच आकड्यांसकट लगेच सहसा येत नाही. पण टॉपिक येतो. पेपर सेट करणारे बदलतात, सहसा दोन-तीन संच मागवून त्यातला एक छापतात, त्यामुळे मागच्या वेळी काय पडलं याची नवीन सेटरला पर्वा असेलच असं नाही. तीन पेपर निघाले हा नियम नव्हे, नशीब होतं.

बर्डीवाला, तुमची खरी चूक k ची नाही, रेडिएशनची. पेपरवरच्या सूचना वाचा, प्रश्न 1 किंवा 2, 3 किंवा 4, असं असतं न् बहुतेक वेळा ती जोडी एकाच युनिटची असते. म्हणजे युनिट सोडलं की पर्याय दोन्ही गेले, तिथले मार्क सरळ बुडाले. युनिटच्या आत मात्र थोडं सोडता येतं, जुने पेपर त्यासाठीच पाहायचे. टॉपिकसमोर नुसती टिक करू नका, डे, ग, टी असं लिहा, डेरिव्हेशन, गणित, टीप. सहा वेळा आलेला टॉपिक चार वेळा गणित म्हणून आला असेल तर डेरिव्हेशन घोटून काय उपयोग?

न् यादी झाली की तपासा. माझ्या एका विद्यार्थिनीने ताजे दोन पेपर न उघडता बाजूला ठेवले, जुन्या आठवरून यादी केली, मग एकेक उघडून, जे लिहिता आलं असतं त्याचेच मार्क मोजले. पहिल्यावर 80 पैकी 51, दुसऱ्यावर 27. यादी तीच! 51 पाहून थांबली असती तर संपलं होतं. नंतर तिने प्रत्येक युनिटमध्ये एकेक गणिताचा प्रकार वाढवला, पण आता तपासायला न पाहिलेला पेपर उरला नव्हता, म्हणून दुसऱ्या कॉलेजची प्रिलिम घेतली. आणि हो, वरच्या कोपऱ्यातला कोड बघा, जुन्या स्कीमचे पेपर गठ्ठ्यात मिसळलेले असतात.

नंदनवन_आई
माझा दहावीला आहे, त्याला गेस पेपर कुठं मिळेल? शाळेत सांगत नाहीत.

तर्री_पोहे
ताई, तो विषय वेगळा चालू आहे 😄

मी एमपीएससीवाला. आमच्याकडे चार पर्याय न् चुकलं की पाव मार्क कट, म्हणून मी जुन्या प्रश्नांचे चुकलेले तीन पर्याय पण वाचतो. उत्तर एक नदी असते, बाकी तीन नद्यांपैकी एखादी पुढं कधीतरी प्रश्न होऊन येते, निदान मला तरी दोनदा तसं दिसलं. पण यानं अभ्यास कमी होत नाही, उलट वाढतो. मॅडम, दहा पेपर पुरतात का पॅटर्न म्हणायला? मला तर वीस पण कमी वाटतात.

खामल्याच्या मॅडम
टॉपिक कोणता येईल हे ठरवायला दहा कमीच आहेत. प्रश्नाचा साचा, मार्कांची वाटणी, गणित किती लांब असतं, हे पाहायला पाच-सहासुद्धा चालतात.

गोकुळपेठ_कट्टा
माझे तीन निघाले ते निघाले मॅडम. चौथ्यात बॅक लागली ते सांगितलं नव्हतं फक्त.

बर्डीवाला
भावाकडून दोन पेपर काढून घेतले न् आईच्या कपाटात ठेवले. एक आज उघडला, 80 पैकी 34 भरले, चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आता रेडिएशन शील्डचं गणित करून राहिला. बॉयलिंग सोडू का म्हणतो, कन्डेन्सेशन त्याच युनिटात आहे न् ते त्याला येतं. मॅडम, सोडू द्यायचं का?