मदत हवी आहे: पत्रा आणि स्लॅबचा प्रयोग उलटा आला, उद्या तास आहे

शुभदा_मु
वहन, अभिसरण, प्रारण शिकवायला पत्र्याचं आणि काँक्रीटचं छप्पर घेतलं. दोन खोकी, एकावर पत्रा, दुसऱ्यावर सिमेंटची लादी, वर बल्ब. वीस मिनिटांनी पत्र्याच्या खोक्यात ३३ अंश आणि लादीच्या खोक्यात ३५! पत्र्याखाली जास्त तापायला हवं ना? शिवाय एका मुलीने विचारलं, "गरम हवा वर जाते, मग पत्र्याची धग खाली डोक्यावर कशी येते?" मला सांगता आलं नाही. उद्या सकाळच्या आत उत्तर हवंय.

रानवारा
सोपं आहे. पत्रा धातूचा, धातू सुवाहक, म्हणून आतली खोली तापते. काँक्रीट मंदवाहक. तुमचा तापमापक बिघडला असणार, दुसरा घ्या.

जुना_मास्तर
थांबा, तापमापकावर लगेच खापर फोडू नका. शुभदाताई, इयत्ता कोणती? पत्रा कसला, नवा की गंजलेला? लादी किती जाड? तापमापक खोक्यात कुठे ठेवला होता?

टेरेसवाला
आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. रात्री दहा वाजताही स्लॅबला हात लावला तर गरम लागतो, पंखा लावला की गरम वाराच येतो. गच्चीवर पांढरा रंग द्यावा की गळती थांबवणारा लेप? कोणी लावलाय का?

शुभदा_मु
सातवी. पत्रा डब्याच्या झाकणाचा, चकचकीत. लादी दोन सेंटिमीटर. तापमापक तळाशी आडवा ठेवला होता. याने काय फरक पडतो?

जुना_मास्तर
सगळा फरक त्यानेच पडतो. बल्बची उष्णता प्रारणाने येते आणि चकचकीत पत्रा त्यातली बरीचशी परत फेकतो. करडी लादी ती शोषून घेते. म्हणजे तुम्ही धातू आणि सिमेंटची नाही, चकाकी आणि करड्या रंगाची तुलना केलीत. शिवाय चकचकीत पृष्ठभाग तापला तरी स्वतः प्रारण कमीच सोडतो, म्हणून खालीही कमी पोचलं. पत्रा आणि लादी दोन्हींना वरून आणि खालून एकच काळा रंग, चमक नसलेला, द्या. वाळल्यावर पुन्हा मोजा.

आता त्या मुलीचा प्रश्न. तिचं बरोबर आहे. पत्र्याला टेकलेली हवा तापते आणि वरच थांबते, खाली येत नाही. डोक्याला लागते ती धग प्रारणाची. तापलेल्या पत्र्याखाली उभं राहून डोक्यावर पुठ्ठा धरा. धग त्याच क्षणी कमी होते. हवेमुळे लागत असती, तर इतक्या चटकन कमी झाली नसती. पुठ्ठा बराच वेळ धरला तर तोही तापतो, म्हणून पटकन करून दाखवा.

रानवारा
पण वहन तर पत्र्यातूनच होतं ना? सुवाहक नसता तर खाली काय आलं असतं?

जुना_मास्तर
वहन होतंच, पण पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असतो. तेवढ्याच जाडीचं प्लॅस्टिक लावलं तरी खालची बाजू जवळजवळ तितकीच तापेल. खरी गोम जाडीत आणि वजनात आहे. एक चौरस मीटर पत्रा सुमारे चार किलोचा, तर बारा सेंटिमीटरचा स्लॅब सुमारे २९० किलोचा. एवढं वजन तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. म्हणून दुपारची उष्णता स्लॅबच्या खालच्या बाजूला तीन-चार तास उशिरा पोचते. टेरेसवाल्यांचा रात्रीचा गरम स्लॅब तो हाच.

रानवारा
जाडीचं मान्य. पण सुवाहकता अजिबात मोजायची नाही हे पटत नाही. स्लॅबएवढा जाड पत्रा असेल तर?

जुना_मास्तर
तर सुवाहकतेने फरक पडेल, पण असं छप्पर कोण घालतं?

टेरेसवाला
म्हणजे पांढरा रंग उपयोगी ना?

जुना_मास्तर
हो, ऊन परतवायला. गळतीसाठी वेगळा धागा काढा.

शुभदा_मु
रात्री रंगवून पुन्हा केला. वीस मिनिटांनी पत्रा ४१, लादी ३४. बल्ब बंद केल्यावर पत्र्याकडचा पारा भराभर उतरला. लादीकडचा मात्र आणखी चार-पाच मिनिटं वर सरकत राहिला! बल्ब बंद असताना कसा?

जुना_मास्तर
वरच्या बाजूने शोषलेली उष्णता तेव्हा लादीच्या आतून खाली वाटचाल करत होती. ते वहन. दर दोन मिनिटांनी आकडे घ्या आणि आलेख मुलांकडूनच काढून घ्या.

सायली७
तापमापक तळाऐवजी छताजवळ टांगला तर अभिसरणही दिसेल का?

शुभदा_मु
वेळ मिळाला तर उद्या दोन्ही जागी ठेवून बघते.