ऑप्शनमधला तोटा आणि किल स्विच (कोथरूड, सोसायटी ग्रुप)

बी ४०२, काकू: शेअर बाजारातलं कळणारं कुणी आहे का? हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा मंगळवारी निफ्टीच्या ऑप्शनमध्ये सत्तावीस हजार घालवून बसला. सकाळी तोटा आठ हजारांच्याही आत होता, म्हणतो. मग तिथेच का नाही थांबला?

ए १०३: काकू, मंगळवारी निफ्टीची एक्स्पायरी असते, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते. त्याने नक्की काय केलं?

बी ४०२, काकू: सकाळी १२० रुपयांनी दोन लॉट घेतले, ६० ला विकले. दुपारी ५० रुपयांचा दुसरा कॉल ऑप्शन घेतला, सहा लॉट. तो शून्यावर गेला.

ए १०३: आता आकडे बघा. एक लॉट ६५ नगांचा, म्हणजे सकाळी १३० नग आणि तोटा ७,८००. दोन लॉटवर तो भरून काढायला ६० रुपयांची वाढ लागली असती. सहा लॉटवर, म्हणजे ३९० नगांवर, फक्त २० रुपये पुरतात. तोटा झालेल्या माणसाला हे वीस रुपये अगदी हाताशी दिसतात. पण तेच वीस रुपये उलट गेले की तोटा दुप्पट, आणि ऑप्शन शून्य झाला की ३९० गुणिले ५०, म्हणजे आणखी १९,५०० गेले. त्यात एक्स्पायरीची दुपार. निर्देशांक जागेवर राहिला तरी कॉलची किंमत वितळत जाते. याला रिव्हेंज ट्रेडिंग म्हणतात. सौदा बाजार बघून ठरत नाही, सकाळचा तोटा बघून ठरतो. लॉट एकदम वाढले, हीच त्याची खूण.

सी २०१, काका: ॲपवर बंद करायची सोय असते ना?

ए १०३: हो काका, किल स्विच. झिरोधा या ब्रोकरकडे एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचा विभाग, बंद केला की १२ तास परत चालू करता येत नाही. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे कधीही दाबा, तो दिवस संपलाच. मात्र आधी उघडे सौदे आणि पडून असलेल्या ऑर्डर निकाली काढाव्या लागतात. म्हणून पहिला तोटा कापल्याबरोबर दाबायचा. सहा लॉट घेतल्यावर उशीर झालेला असतो. दुसऱ्या ब्रोकरचे नियम वेगळे असू शकतात, ते बघून घ्या.

बी ४०२, काकू: त्याची दोन खाती आहेत रे.

ए १०३: मग हा कुलूपबंद उपाय अर्धाच. स्विच त्या एकाच ब्रोकरपुरता चालतो. दुसऱ्या खात्यात यूपीआयने पैसे दोन मिनिटांत जातात. त्या खात्यातला एफ अँड ओ विभागही बंद करायला सांगा, आणि उरलेली रक्कम बँकेत परत मागवायला. दुपारी एकला दाबलेला स्विच रात्री एकलाच सुटतो. बुधवारी सव्वानऊला राग तसाच असेल, तर निदान समोर पैसे नसावेत.

सी २०१, काका: सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलं होतं, आधीच्या तीन वर्षांत एफ अँड ओतल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. काकू, त्याला रागावू नका. रविवारी बोलवा, मी आणि हा दोघं बसतो त्याच्याबरोबर.

बी ४०२, काकू: रविवारी अकराला या दोघं. मी त्याला आत्ताच फोन करते, दुसरं खातं आजच बंद कर म्हणून.