मदत हवी आहे: आरशातील प्रतिमा – एक आकृती जमते, तीन आल्या की चुकते

पाचवीची पालक
मुलगी नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. आरशातील प्रतिमेत एकटा बाण किंवा एकटा त्रिकोण असला की उत्तर हमखास बरोबर येतं. पण ओळीत तीन आकृत्या आल्या की चुकतं, आणि तिला स्वतःचं उत्तर बरोबरच वाटत असतं. कालचा प्रश्न देते. उजवीकडची रेघ म्हणजे उभा आरसा.

◐ ↗ ◣ |

पर्याय:
(अ) ◑ ↖ ◢
(ब) ◢ ↖ ◑
(क) ◐ ↘ ◤
(ड) ◣ ↗ ◐

तिनं (अ) निवडला. पुस्तकात उत्तर (ब) आहे. "आई, मी तिन्ही उलटवले की!" म्हणते, आणि खरंच उलटवलेत. तिला नेमकं काय सांगू?

शेवटचा बाक
सोपं आहे. क्रम उलटा करायचा. शेवटचं पहिलं, पहिलं शेवटी. एवढं पाठ केलं की झालं.

तिरकी रेघ
एवढ्यावर ती (ड)मध्ये अडकेल. तिथे क्रम उलटाच आहे, पण एकही आकृती वळलेली नाही. पर्याय काढणाऱ्यानं दोन अर्धवट रीतींसाठी दोन सापळे लावलेत: (अ)मध्ये आकृत्या वळल्या पण जागा तशाच, (ड)मध्ये जागा बदलल्या पण आकृत्या तशाच.

ताई, मुलीची चूक समजण्यासारखी आहे. ती प्रत्येक आकृतीसमोर मनातल्या मनात एक वेगळा छोटा आरसा धरते. एकटी आकृती असेल तेव्हा त्यानं काही बिघडत नाही. तीन आल्या की मात्र तीन आरसे होतात, आणि प्रश्नात आरसा एकच आहे.

तिला पहिला प्रश्न हा विचारायला लावा: आरशाला चिकटून कोण बसलंय? इथे त्रिकोण. मग प्रतिमेतही आरशाला चिकटून त्रिकोणच बसणार. आरसा उजवीकडे असल्यामुळे प्रतिमा आरशाच्या पलीकडे पडते, म्हणून तिथे त्रिकोण सगळ्यांत डावीकडे येतो. सगळ्यांत लांबचं वर्तुळ पलीकडेही सगळ्यांत लांब, म्हणजे उजव्या टोकाला. एवढ्यावर (अ) आणि (क) गेले. दुसरी नजर बाणावर: तो उजवीकडे वर, म्हणजे आरशाकडे झुकलाय. प्रतिमेतला बाणही आरशाकडेच झुकणार, म्हणजे डावीकडे वर. (ड) गेला. उरला (ब).

पाचवीची पालक
"चिकटून कोण बसलंय" हे तिला पटकन पटलं. पण लगेच दुसरा घोळ झाला. आता आडवा आरसा खाली दिला, तरी ती क्रम उलटा करते. वरच्याच आकृतीखाली आडवी रेघ काढून दिली, तर ◤ ↘ ◐ असं काढलंन.

तिरकी रेघ
म्हणूनच "क्रम उलटा करा" हे पाठ करून घेऊ नका म्हणते. आडवा आरसा खाली असला की वर्तुळ, बाण आणि त्रिकोण तिन्ही आरशापासून सारख्याच अंतरावर आहेत. जवळचं-लांबचं असा फरकच नाही, मग जागा कशाला बदलतील? पालटतं ते प्रत्येकाचं वर-खाली. बरोबर उत्तर तुमच्याच प्रश्नातला (क): ◐ ↘ ◤. वर्तुळ तर जराही बदलत नाही, कारण त्याचा काळा भाग डावीकडे आहे आणि आडवा आरसा डाव्या-उजव्याला हात लावत नाही. मुलांना इथे वाटतं की काहीतरी बदलायलाच हवं, आणि ती उगाच वर्तुळ फिरवतात.

हेच आकार एकावर एक रचलेले असते, तर खालच्या आरशात क्रम नक्की उलटला असता.

सेकंदकाटा
आमच्याकडे 11:60 मधून वजा करायची युक्ती शिकवली आहे. 3:40 वाजले असतील तर आरशात 8:20 दिसतात. एकदम पक्की पद्धत, फक्त 12 ते 1 मधली वेळ असली तर 23:60 मधून वजा करायचं.

शेवटचा बाक
अहो, ते काट्यांच्या घड्याळाचं झालं. इथे त्रिकोणातून काय वजा करणार?

सेकंदकाटा
हो, मी फक्त शीर्षक वाचून लिहिलं. राहू द्या.

बटर पेपर
घरी तपासायला ट्रेसिंग पेपर वापरा. आकृती गिरवताना आरशाची रेघसुद्धा गिरवायची. मग ती रेघ म्हणजे पुस्तकाची शिवण समजून कागद पानासारखा पलटायचा. आरसा उजवीकडे असेल तर उजवीकडे पलटतो, खाली असेल तर खालच्या बाजूला. मागून जे दिसतं तीच प्रतिमा. मुलं रेघ न गिरवता नुसती आकृती गिरवतात आणि कागद हातात घेऊन कसाही फिरवतात, तिथे गडबड होते. पलटल्यावर कागद अर्धा वळसा फिरला, तर उभ्या आरशाची प्रतिमा आडव्या आरशाची होऊन बसते.

तिरकी रेघ
हे उत्तम. परीक्षेत कागद नसणार, म्हणून एक खूण सांगते (माझं टोपणनाव उगाच नाही). आकृतीत कुठेही तिरकी रेघ असेल, तर ती आधी बघायची. `/` अशी रेघ उभ्या आरशातही `\` होते आणि आडव्या आरशातही `\` होते. म्हणजे ज्या पर्यायात ती `/` अशीच राहिली, तो आरसा कुठलाही असला तरी बाद. अर्धा वळसा फिरवलेली आकृती हा नेहमीचा सापळा आहे, ◥ ↙ ◑ असा. त्यात बाणाची दांडी `/` अशीच राहते, म्हणून तो एका नजरेत पकडता येतो.

पण ही खूण फक्त पर्याय कापायला. उभा आरसा की आडवा, हे ती सांगत नाही. त्यासाठी बाणाचं टोक बघा: उभ्या आरशात वरचं टोक वरच राहतं. आणि पाव वळसा फिरवलेला पर्याय असेल तर तीही फसते, कारण तिथेसुद्धा `/` ची `\` होते.

पूर्ण वर्तुळ, अधिकचं चिन्ह असल्या आकारांवर वेळ घालवू नये. आरसा उभा असो की आडवा, ते तसेच दिसतात. त्यांची फक्त जागा बघायची.

शेवटचा बाक
मान्य, माझं अर्धंच होतं. पण वेळेचं काय? मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न आणि साधारण तासभर, म्हणजे एकाला दीड मिनिट. इतकं सगळं बघत बसायचं?

तिरकी रेघ
सगळं नाही. आरशाजवळ कोण, हे एक. एका वेड्यावाकड्या आकृतीचं तोंड कुठे, हे दुसरं. बहुतेक वेळा दोन नजरांत तीन पर्याय जातात. दोन उरलेच तर ते एकाच छोट्या गोष्टीत वेगळे असतात. तेवढीच शोधायची, बाकी परत बघायचं नाही.

पाचवीची पालक
आज दहा सोडवले, आठ बरोबर आले. दोन चुकले ते चौकोनाच्या आत ठिपका असलेले. बाहेरचा चौकोन बदलत नाही, म्हणून ठिपकाही जागच्या जागी ठेवला.

बटर पेपर
ठिपक्यालाही तोच प्रश्न: तो चौकोनाच्या आरशाजवळच्या बाजूला आहे की लांबच्या? उभा आरसा उजवीकडे आणि ठिपका डाव्या वरच्या कोपऱ्यात असेल, तर प्रतिमेत उजव्या वरच्या.

पाचवीची पालक
तिला सांगते. अजून एक: एका सराव पुस्तकात आरशाची रेघच छापलेली नाही. फक्त "आरशातील प्रतिमा ओळखा". पर्यायांत उभ्या आरशाची प्रतिमा आहे आणि आडव्याचीही. काय धरायचं?

शेवटचा बाक
उभा धरायचा. आडवा हवा असता तर "पाण्यातील प्रतिबिंब" लिहिलं असतं.

तिरकी रेघ
मला नाही पटत. छापताना रेघ सुटली असेल तर ती कुठली होती, हे कसं ठरवणार? तो प्रश्न मी मुलीला देणारच नाही.

बटर पेपर
मी देईन, पण दोन्ही उत्तरं काढायला सांगेन.