९ टक्के फ्लॅट म्हणजे खरा दर किती?

> "म्हापशाच्या शोरूममध्ये स्कूटरसाठी 90,000 कर्ज, 9 टक्के फ्लॅट, 36 हप्ते 3,175 चे. प्रोसेसिंग जीएसटीसह 2,700, कर्जातूनच कापणार. बँकेच्या 12 टक्क्यांपेक्षा हे स्वस्तच ना?"

नाही, बरंच महाग आहे. फ्लॅटमध्ये व्याज तिन्ही वर्षं पूर्ण 90,000 वर लावतात, मुद्दल दर महिन्याला कमी होत असली तरी.

आधी परतफेडीचा तक्ता मागा. पहिल्या ओळीत व्याज 1,218 दिसेल. त्याला 90,000 ने भागून 1200 ने गुणा, 16.24 येतात. पहिल्या महिन्याचे दिवस कमीजास्त धरले असतील तर हा आकडा फसवतो, म्हणून दुसरी ओळही तपासा: व्याज 1,192, शिल्लक मुद्दल 88,043.

तक्त्यात प्रोसेसिंग मात्र धरलेलं नसतं. तुमच्या कामी आले 87,300 च, म्हणून एक्सेलमध्ये तीच रक्कम घाला:

```
=RATE(36,-3175,87300)*12
```

उत्तर सुमारे 18.4 टक्के. पहिला हप्ता कर्ज देतानाच कापणार असतील तर कामी आले 84,125 आणि उरले 35 हप्ते. मग दर 19.6 वर जातो. हे विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही, स्पष्ट विचारा.

सही करण्यापूर्वी 'की फॅक्ट स्टेटमेंट' घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना ते द्यावंच लागतं, आणि त्यात शुल्कासहित वार्षिक दर (एपीआर) असतो. बँकेच्या 12 टक्क्यांतही तिचं शुल्क याच रीतीने मिळवा, मगच तुलना करा.