शब्दचर्चा: ‘फर्टाइल’ थोरियमला सुपीक म्हणावं का?

जुळे सोलापूर: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अणुभट्टीचा फलक करतोय. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे मजकूर माझ्या गळ्यात पडला. ‘थोरियम फर्टाइल आहे, युरेनियम-२३३ फिसाइल आहे’ याचं मी ‘थोरियम सुपीक आहे, युरेनियम-२३३ विखंडनक्षम आहे’ असं केलं. विज्ञानाच्या सरांनी दोन्ही शब्दांवर फुली मारली आणि लग्नाला गावी निघून गेले. पेंटर शनिवारी येणार. चुकलं काय?

मालदांडी: ताई, आमचं मंगळवेढ्याकडं काळं रान आहे. माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश आलं, थोरियमचा रकानाच नव्हता. रान सुपीक व्हायला एकरी किती टाकायचं?

होटगी रोड: अहो, रानात नाही टाकायचं! पण तुम्ही जे समजलात तेच फलक वाचणारा समजेल, म्हणून ‘सुपीक’वर फुली बसली असावी. रान आणि थोरियम यांत एक मोठा फरक आहे. तुम्ही ज्वारी काढता तेव्हा रान जागेवर राहतं. इथं रानाचीच ज्वारी होते. थोरियमचा अणू न्यूट्रॉन गिळतो आणि स्वतःच बदलत बदलत युरेनियम होतो, मागे थोरियम उरत नाही. मी कल्पक्कमच्या अणुकेंद्रात बरीच वर्षं काढली, तिथं आम्ही सरळ फर्टाइलच म्हणायचो, त्यामुळे माझ्याकडे तयार शब्द नाही. पायऱ्या मात्र देतो:

```
²³²Th + n → ²³³Th → ²³³Pa → ²³³U
²³⁸U  + n → ²³⁹U  → ²³⁹Np → ²³⁹Pu
```

दोन्ही ओळींत पहिला बाण म्हणजे न्यूट्रॉन गिळणं. पुढच्या दोन बाणांत प्रत्येक वेळी गाभ्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. वजनाचा आकडा तोच राहतो, मूलद्रव्य मात्र एक घर पुढे सरकतं: थोरियमच्या ओळीत ९०, ९१, ९२.

सात रस्ता: मग ‘दूध’ म्हणा की! थोरियम दूध, युरेनियम-२३३ विरजण. विरजणातून न्यूट्रॉन येतात, ते दुधाला लागले की दुधाचंच दही, आणि ते दही उद्याचं विरजण. न्यूट्रॉन बसला की झालं युरेनियम-२३३, लगेच जळायला तयार. आमच्या आजीला हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

होटगी रोड: विरजण मला आवडलं. थोरियम एकटं पेटत नाही, कुठून तरी आधी फिसाइल माल आणावा लागतो, हे त्यात बरोबर येतं. पण ‘लगेच’ हा शब्द काढा. दही लागायला वेळ लागतो, तसा इथंही लागतो, आणि तो वेळ दोन ओळींत सारखा नाही.

थोरियम-२३३ चं अर्धायुष्य सुमारे २२ मिनिटं, युरेनियम-२३९ चं साधारण २३. इथपर्यंत बरोबरी. मग नेप्च्युनियम-२३९ सव्वादोन-अडीच दिवसांत निम्मं होतं, आणि प्रोटॅक्टिनियम-२३३ ला निम्मं व्हायला २७ दिवस लागतात. समजा आज दोन्हीकडे हजार-हजार अणूंनी न्यूट्रॉन गिळला. २७ दिवसांनी पाहिलं तर युरेनियमच्या ओळीत जवळजवळ सगळ्यांचं प्लुटोनियम झालेलं असेल. थोरियमच्या ओळीत फक्त ५०० युरेनियम-२३३ झालेले असतील, ५०० अजून अडकलेले. ५४ दिवसांनी ७५०, ८१ दिवसांनी ८७५.

आता हे अडकलेले अणू भट्टीतच बसलेले असतात आणि न्यूट्रॉनांचा मारा चालूच असतो. त्यातल्या एखाद्याने या काळात आणखी एक न्यूट्रॉन गिळला, तर तो प्रोटॅक्टिनियम-२३४ होतो आणि काही तासांत युरेनियम-२३४. ते फिसाइल नाही. म्हणजे वरचा न्यूट्रॉन फुकट गेला आणि होऊ घातलेला युरेनियम-२३३ चा अणूही हातचा गेला. त्यानं पुढे आणखी एक न्यूट्रॉन खाल्ला तर युरेनियम-२३५ होतं, पण तोवर हिशोब बिघडलेला असतो. मारा जितका जोराचा, तितकं हे नुकसान जास्त.

उलट बाजूही आहे. भट्टी बंद केली तरी साठलेल्या प्रोटॅक्टिनियमचं युरेनियम-२३३ होतच राहतं. काही आठवडे गाभ्यातला फिसाइल माल हळूहळू वाढतो. पुन्हा सुरू करणाऱ्याने नियंत्रक दांड्यांत तेवढी जास्तीची ताकद आधीच राखून ठेवलेली असावी लागते.

सात रस्ता: मग दही अर्धवट लागलेलं असताना हलवू नये, असंच ना. माझी उपमा जिंकली.

होटगी रोड: अर्धीच जिंकली. एक चमचा विरजणाने आजी पातेलंभर दही लावायची. इथं चमचा स्वतः संपतो आणि त्याच्या बदल्यात जेमतेम एक चमचाच मिळतो. युरेनियम-२३३ ने एक मंद न्यूट्रॉन गिळला की सरासरी सुमारे २.३ न्यूट्रॉन हाती येतात. एक साखळी चालू ठेवायला, एक थोरियमला. राहिले ०.३, त्यातून गळती, पाणी, धातूच्या नळ्या आणि तो प्रोटॅक्टिनियमचा तोटा भागवायचा. अमेरिकेत शिपिंगपोर्टला १९७७ ते १९८२ हे करून पाहिलं. शेवटी फिसाइल माल वाढला तो एक टक्क्याहून थोडा जास्त. प्लुटोनियम-२३९ ला मंद न्यूट्रॉनांत हा आकडा २.१ च्या आसपास येतो, त्यात काहीच भागत नाही. वेगवान न्यूट्रॉनांत तो चांगला वाढतो, म्हणून युरेनियम-२३८ चं ब्रीडर, म्हणजे जळतो त्याहून जास्त फिसाइल माल बनवणारी भट्टी, करायचं तर ती वेगवान लागते.

जुळे सोलापूर: काका, दही समजलं. पण ‘विखंडनक्षम’वर फुली का? फुटू शकतं ते क्षम, व्याकरणाला धरून आहे.

होटगी रोड: व्याकरणाला धरूनच घोटाळा होतो. युरेनियम-२३८ सुद्धा फुटू शकतं, फक्त न्यूट्रॉन जोराचा हवा, साधारण दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचा. वेगवान भट्टीत त्याचे काही अणू खरोखर फुटतात. म्हणजे ‘क्षम’ तेही झालं. फिसाइल म्हणजे रेंगाळणाऱ्या न्यूट्रॉननेही फुटणारं. कारण गमतीचं आहे. युरेनियम-२३३ मध्ये १४१ न्यूट्रॉन, प्लुटोनियम-२३९ मध्ये १४५, दोन्ही विषम. नवा आला की जोडी जमते, तो बसल्याच्या ऊर्जेत जोडी जमल्याची भर पडते आणि ती सगळी मिळून गाभा फोडायला पुरते. थोरियम-२३२ मध्ये १४२, युरेनियम-२३८ मध्ये १४६. तिथं नवा पाहुणा एकटाच राहतो.

बाळीवेस: मग फिसाइलला ‘विखंडनशील’ करा. ‘शील’ म्हणजे स्वभाव. रागावू शकणारा आणि रागीट यांत फरक आहेच. फर्टाइलला मी ‘जननक्षम’ सुचवेन.

होटगी रोड: विखंडनशील चालेल. जननक्षम नको. थोरियम काही जन्माला घालत नाही, स्वतःच दुसरं होतं.

बाळीवेस: मग ब्रीडरला ‘प्रजनक’ तरी का म्हणतात?

होटगी रोड: ती भट्टी खरंच फिसाइल माल वाढवते, नुसतं थोरियम काही वाढवत नाही. पण हो, मुळात इंग्रजीतही शेतीवाडी आणि गोठा एकत्र बांधलाय.

जुळे सोलापूर: फलकावर ‘विखंडनशील’ पक्कं. थोरियमपुढे सध्या ‘फर्टाइल’च ठेवते आणि खाली दोन्ही ओळी, २७ दिवसांसकट. विरजणाचं चित्र नववीतल्या मुलींना सांगितलंय, त्या म्हणतात पातेलं नको, शिंकं हवं.

मालदांडी: म्हणजे एकरी काहीच नाही ना? बरं.