बाबांना पार्किन्सन, मला स्टुटगार्टची ऑफर. जाऊ का?

साताऱ्याचा_मेकॅनिकल: वय २९, नोकरी पुण्यात, घर साताऱ्यात. बाबा ६८, चार वर्षं पार्किन्सन आहे. आई ६३, तिचे गुडघे गेलेत. ताई कोल्हापूरला, तिची दोन लहान मुलं. स्टुटगार्टला जॉब लागलाय, दोन आठवड्यांत कळवायचंय. आई म्हणते जा, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. काय करू?

रानवारा: जा. तसाही तू पुण्यात असतोस, रोज थोडाच घरी असतोस? तिथून पैसे पाठव, दिवसरात्र माणूस ठेव. असा चान्स परत येत नाही आणि पस्तिशीनंतर तुझ्याच मनात बाबांबद्दल राग साठेल, ते जास्त वाईट.

अण्णा_७४: माझा मुलगा १२ वर्षं टेक्सासमध्ये आहे. आम्हा दोघांना कुणी वृद्धाश्रमात ठेवा म्हटलं तर आम्ही जाणार नाही, स्पष्ट सांगतो. आईबापांना आश्रमात टाकू नकोस रे.

साताऱ्याचा_मेकॅनिकल: काका, आश्रमाचा विषयच नाहीये. घरीच राहणार दोघं.

सुलभा_नाशिक: माझ्या सासऱ्यांचं नऊ वर्षं केलंय म्हणून लिहिते. रानवारा म्हणतात तसं माणूस ठेवून हे सुटत नाही. या आजारात सगळा खेळ गोळीच्या वेळेचा. आमच्याकडे आठ, बारा, चार, आठ असं होतं, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, कारण डाळ-दूध पोटात असलं की गोळी नीट लागूच होत नाही. बाराची गोळी साडेबाराला दिली की सासरे बाथरूमच्या उंबऱ्यात पाय चिकटल्यासारखे उभे राहायचे. तिथे फरशीवर मी लाल टेप चिकटवली होती, तिच्यावरून पाय टाका म्हटलं की पाऊल निघायचं. ब्युरोचा माणूस हे शिकतो तोवर महिना जातो आणि दिवाळीला तो गावी गेला की नवा येतो, त्याला परत पहिल्यापासून. म्हणून प्रश्न पैशाचा नाही, नवीन माणसाला शिकवणार कोण हा आहे. तुमच्या आईच्या गुडघ्यांना ते झेपेल का बघा.

रानवारा: बरोबर, पण ते शिकवायला मुलानेच हवं असं कुठंय? ताई आहे ना.

सुलभा_नाशिक: ताईला विचारलंय का कुणी? सगळे तिला गृहीत धरतात. कोल्हापूर-साताराही काही शेजार नाही.

बर्लिनकर: एक मार्ग बंद समज, जर्मनीत आईवडिलांना नेताच येत नाही.

हॅम्बुर्गची_वहिनी: असं नाही. १ मार्च २०२४ नंतर ज्यांना स्किल्ड वर्करचं पहिलं परमिट मिळालंय त्यांना आईवडिलांना बोलावायची तरतूद आहे. पण गाडी अडते हेल्थ इन्शुरन्सवर. ५५ च्या पुढच्यांना तिथला सरकारी विमा सहसा घेत नाही आणि पार्किन्सन आधीपासून असताना प्रायव्हेट विमा मिळणं फार अवघड. त्यामुळे पुढे त्यांना घेऊन जाऊ या आशेवर आत्ता निर्णय घेऊ नका.

साताऱ्याचा_मेकॅनिकल: खरं सांगतो, मी त्याच आशेवर होतो.

सुलभा_नाशिक: अजून एक, जा किंवा राहा, हे आत्ता करा. बाबांची सही बदलली असेल, अक्षर बारीक होत जातं. आमच्या इथे बँकेने चेक परत पाठवला होता, सासरे तीन वेळा सही करून बघत होते आणि शेवटी पेन ठेवून दिलं. खात्यात आईचं नाव जॉइंट घाला. मुखत्यारपत्र करणार असाल तर तेवढ्यावर विसंबू नका, पुढे समज गेली तर आपल्याकडे ते चालत नाही, मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. आणि न्यूरॉलॉजिस्टला सरळ विचारा की पुढच्या दोन-तीन वर्षांत काय धरून चालायचं. रात्री भास होतात का, गिळताना ठसका लागतो का, ते आईला विचारा, बाबांसमोर नको.

साताऱ्याचा_मेकॅनिकल: ठसका लागतो. पाणी पिताना. मला वाटायचं घाईत पितात म्हणून.

सुलभा_नाशिक: ते डॉक्टरांना आधी सांगा, ऑफरचं नंतर.

रानवारा: हे मात्र मान्य. तरी माझं मत जा असंच आहे. कंपनीला जॉइनिंग सहा महिने पुढे ढकलता येतं का विचार, फार तर नाही म्हणतील. तेवढ्यात माणूस ठेव, तू पुण्यातच राहा, पण तीन महिने घरी जाऊच नको आणि बघ कसं चालतं.

सुलभा_नाशिक: तीन महिने चाललं म्हणजे तीन वर्षं चालेल असं या आजारात नसतं. पण करून बघायला हरकत नाही.

अण्णा_७४: माझा मुलगा गेला तेव्हा मीच त्याला जा म्हटलं होतं. तेव्हा मीही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आईशी एकदा बाबा झोपल्यावर बोल.

साताऱ्याचा_मेकॅनिकल: शुक्रवारी रात्री घरी जातोय. ताईलाही बोलावलंय.